पोहे गार झाले, रूपकात

मावशीकडे, म्हणजे इंदूरच्या रामबागेतल्या घरी, रविवारी सकाळी एक वाक्य हमखास ऐकू येतं. काका बाहेर ओट्यावर पेपर घेऊन बसलेले, आतून मावशीचा आवाज, "अहो, येताय ना? पोहे गार झाले." मी लहानपणापासून ऐकतेय. शब्द तर तेच असतातच, पण सूरही जवळपास तोच असतो हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं, आणि आलं ते अशासाठी की पेटी शिकवता शिकवता मला बोलण्यातल्या चढउतारांवरून चाली काढायचा नाद लागला. चाल लावायला आपण कविता शोधतो, गझल शोधतो, मीटर मोजतो, आणि घरात रोज फुकट मिळणारी चाल तशीच हवेत विरून जाते.

हा नाद माझ्या एकटीचा नाही. आजच्या झेक प्रजासत्ताकातल्या ब्र्नो गावी लेओश यानाचेक नावाचा संगीतकार होता, जन्म 1854, मृत्यू 1928. हा माणूस वही घेऊन फिरायचा आणि बाजारात, स्टेशनवर, रस्त्यात लोक जे बोलत ते नोटेशनमध्ये टिपायचा. शब्द खाली, सूर वर. वर्षानुवर्षं हेच. 1903 मधे त्याची मुलगी ओल्गा आजारपणात गेली, तिच्या शेवटच्या दिवसांतले शब्दही त्याने असेच टिपून ठेवले. हे वाचलं तेव्हा मला एकदम थंडपणा वाटला होता त्यात, आता तसं वाटत नाही, ज्याला ऐकण्याची हीच एक पद्धत येते तो दुसरं काय करणार. हे बोलणं तो रेकॉर्ड करत नसे, जे कानाने पकडलं ते, त्यामुळे त्याचे सूर आधीच पियानोच्या पट्ट्यांवर बसलेले असायचे. आपल्याकडे फोन आहे, म्हणजे कानाने काय काय गिळून टाकलं हे तपासता येतं.

तर मी मावशीला विचारून एक रविवार फोन स्वयंपाकघराच्या कपाटावर ठेवून दिला. विचारलं आठवडाभर आधी, म्हणजे तोपर्यंत ती विसरून गेली. "मावशी, तेच परत म्हण ना" असं सांगून कधीच रेकॉर्ड करू नये. परत म्हटलेलं वाक्य शाळेतल्या धड्यासारखं येतं, सगळे शब्द एका लांबीचे, सूर मधेच सपाट, आणि जे आपल्याला हवं असतं, म्हणजे काकांना खरोखर उठवायची घाई, ती गायब.

रेकॉर्डिंग मी लॅपटॉपवर Praat नावाच्या फुकट प्रोग्रॅममधे उघडते. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक या दोघांनी भाषेच्या अभ्यासासाठी केलेला आहे, गाण्यासाठी नाही, पण आपल्याला चालतो. आवाजाच्या लहरीखाली तो पिचची, म्हणजे सुराच्या उंचीची, एक निळी रेघ काढतो. पहिल्यांदा बघितलं की माणूस घाबरतो, कारण ती रेघ सलग नसतेच! त, प, छ असल्या अक्षरांना कंठ कंपन पावत नाही, तिथे पिच नसतं, रेघ तुटते. आणि जिथे असते तिथे ती कधीच सरळ नसते, सतत घसरत असते नाहीतर चढत असते. गाण्यात आपण सुरावर उभं राहतो, बोलण्यात कोणीच कुठे उभं राहत नाही.

मग सूर कुठला धरायचा? कान जो धरतो तो. एखादा स्वर जेमतेम शंभर मिलिसेकंदांचा असेल आणि त्यात आवाज सव्वा-दीड सेमीटोन हलला (सेमीटोन म्हणजे पेटीवर काळी-पांढरी धरून एका पट्टीचं अंतर) तर कानाला ते हललेलं कळतच नाही, स्थिरच ऐकू येतं. तोच स्वर तीनशे मिलिसेकंद लांब असेल तर अर्धा सेमीटोन हललेलाही कळतो. म्हणून आखूड अक्षराला मी मधला एक आकडा घेते आणि लांब अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन. बस. याच्यापेक्षा जास्त बारकाईत गेलं की आलेख हाती लागतो आणि चाल हातातून सुटते.

एक धोका इथेच सांगून टाकते. वाक्याच्या शेवटी आवाज खाली जातो, जरा खरखरतो, आणि तिथे मशीन फसतं. मावशीच्या "झाले"मधल्या "ले"ला मला आधी 87.5 हर्ट्झ दाखवले, म्हणजे बाईमाणसाचा आवाज एकदम काकांपेक्षाही खाली! अशा वेळी आकडा दुप्पट करून बघायचा. 175 आले, आणि शेजारचं "झा" 196 वर आहे, मग 175 च बरोबर. रेघ अचानक बरोबर निम्म्यावर किंवा दुपटीवर उडी मारत असेल तर ती उडी आवाजाची नसते, प्रोग्रॅमची असते. पिचची खालची मर्यादा शंभरच्या वर नेऊन ठेवली की बायकांच्या आवाजात हा घोळ बराच कमी होतो. आणि तो भाग ऐकून, गुणगुणून बघायचा, शेवटी न्यायाधीश कानच. (कुकरच्या शिट्टीचंही पिच हा प्रोग्रॅम तितक्याच श्रद्धेने काढून देतो.)

आता षड्ज. बोलण्याला षड्ज नसतो, तो आपण द्यायचा असतो, आणि मी तो नेहमी वाक्य जिथे टेकतं तिथे देते. साधं विधान करताना माणसाचा आवाज शेवटी स्वतःच्या तळाला येतो, तिथे बोलणाऱ्यालाही "झालं सांगून" असं वाटतं आणि ऐकणाऱ्यालाही. मावशीचं "ले" 175 वर टेकलं, म्हणजे पेटीवर जवळपास पांढरी चार. तो सा. बाकीचे सूर त्यापासून मोजायचे, हिशोब एका ओळीचा:

```
12 * log2(f / 175)
```

f म्हणजे त्या अक्षराचे हर्ट्झ, उत्तर येतं सेमीटोनमधे. "अ" 208 वर, म्हणजे तीन, कोमल गंधार. "हो" लांब, 233 वरून 294 पर्यंत चढलेला, पाचावरून नवावर, मध्यमापासून शुद्ध धैवतापर्यंत सरळ मींड. "ये" पंचमावर, "ताय" परत मध्यमावर. आणि "ना" चढत चढत 312 ला पोचतो, दहा सेमीटोन, कोमल निषाद, हे वाक्याचं शिखर. मग श्वास. मग "पो" 214, "हे" 208, "गार" 240, "झा" 196 म्हणजे शुद्ध रिषभ, आणि "ले" सा.

बघा ना, शिखर "ना"वर आहे. काय सांगायचंय ते पोह्यांबद्दल, पण सगळ्यात वरचा सूर त्या एवढ्याशा "ना"ला. मी जर हीच ओळ कागदावर वाचून चाल लावली असती तर शंभर टक्के "पोहे" वर नेले असते, कारण अर्थ तिथे आहे असं वाटतं. मावशीला मात्र पोह्यांची बातमी द्यायची नाहीये, काकांना उठवायचंय, पोहे हे कारण म्हणून मागून येतात, खालच्या सुरात.

आता गंमत "पो"ची. 214 म्हणजे साडेतीन सेमीटोन. कोमल गंधार तीनावर, शुद्ध गंधार चारावर, आणि ही बाई बरोब्बर मधे! दोन्ही वाजवून बघितले. शुद्ध घेतला तर रे, ग, म, प, ध शुद्ध आणि नी कोमल, म्हणजे खमाजचे सूर, आणि ओळ लाडिक होते, मावशी काकांना लाडाने बोलावतेय असं वाटतं. (मावशीला हे सांगितलं तर ती मला पोहे द्यायची नाही.) कोमल घेतला की काफीचे सूर. वाक्यात आधी "अ" कोमल गंधारावर आहे, नंतर "हे"ही तिथेच आहे, म्हणून "पो" थोडा खाली ओढून काफी केला. पण मावशी काफीत बोलते असं मी म्हणणार नाही. ती साडेतीनात बोलते. काफी मी केला, अर्धा सेमीटोन सरकवून, आणि ते सरकवणं म्हणजेच चाल लावणं आहे असं माझं मत झालंय.

"गार" तर आणखी अवघड, 240 म्हणजे साडेपाच, शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधे. काफीत तीव्र मध्यम घेतला तर फारच टोचतो. नुसता शुद्ध मध्यम घेतला तर "गार" या शब्दाचा ठसका जातो, तोच तर या अर्ध्या ओळीतला वजनदार शब्द. मग पंचमाचा कण देऊन मध्यमावर यायचं, पंचमाला नुसता स्पर्श. गळ्याने म्हटलं की अगदी मावशीसारखं येतं. पेटीवर तितकं येत नाही, पेटीवर मींडही येत नाही, त्यामुळे "अहो"चा "हो" पेटीवर दोन वेगळे सूर होऊन बसतो आणि हाक मारल्यासारखा न वाटता दाराची बेल वाजल्यासारखा वाटतो. बोलण्यातून काढलेली चाल पेटीवर तपासू नये, गाऊन तपासावी, हे पेटीवालीच सांगतेय!

स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराने 1988 मधे 'डिफरंट ट्रेन्स' केलं त्यात लोकांच्या बोलण्याचे छोटे छोटे तुकडे आहेत आणि तंतुवाद्यं तेच सूर बरोबर वाजवतात, तिथे ते फार सहज होतं कारण व्हायोलिन-चेलोवर बोट घसरू शकतं. त्याने आणखी एक केलंय, बोलणाऱ्याची लय बदलली की संगीताची लयही बदलते, बोलणाऱ्याला तालात ओढत नाही. मला ते पटतं पण आपल्याकडे तबला बसलेला असतो, त्याला दर ओळीला नवीन लय सांगितली तर तो उठून जाईल.

म्हणून ताल. लय मोजायची तर अक्षर कुठे सुरू होतं यापेक्षा त्यातला स्वर कुठे सुरू होतो ते धरायचं, कारण ठोका कानाला तिथे लागतो. एका स्वराच्या सुरुवातीपासून पुढच्या स्वराच्या सुरुवातीपर्यंत, मधला श्वास असेल तर तोही धरून. मावशीचे आकडे मिलिसेकंदात असे आले: अ 110, हो 340, ये 170, ताय 200, ना 480, पो 180, हे 150, गार 330, झा 190, ले 350. लहान अक्षरं बघितली तर "अ" सोडून सगळी दीडशे ते दोनशेच्या मधे आहेत, म्हणून 170 ला एक मात्रा धरली. मग हो दोन, ये एक, ताय एक, ना तीन. पो एक, हे एक, गार दोन, झा एक, ले दोन. मात्रा 160 धरा नाहीतर 185, पूर्णांक हेच येतात, तेवढी खात्री करून घ्यावी, नाहीतर आपण आपल्याला हवा तो ताल आकड्यांत घुसवतो. "अ" मात्र कशातच बसत नाही, तो एका मात्रेपेक्षाही कमी आहे, त्याला उचल म्हणून बाहेर ठेवायचं.

बेरीज करा. हो-ये-ताय-ना सात. पो-हे-गार-झा-ले सात.

मी आनंदाने सात मात्रांचा ताल रूपक म्हणून टाळ्या द्यायला लागले आणि ओळ लंगडायला लागली. कारण रूपक तीन-दोन-दोन, ती ती ना, धी ना, धी ना, आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, "हो" ठेवला तर चौथी मात्रा "ताय"च्या डोक्यावर पडते आणि दुसऱ्या आवर्तनात चक्क "गार"च्या पोटात. मावशीचे तुकडे परत बघितले तर ते आहेत दोन-दोन-तीन: हो, येताय, ना. पोहे, गार, झाले. दोन्ही ओळी तशाच. म्हणजे ताल बरोबर, जागा चुकीची. ओळ समेवरून न उचलता चौथ्या मात्रेवरून उचलायची, "अ" तिसऱ्या मात्रेच्या शेपटीला. मग "हो" धीवर, "येताय" पुढच्या धी-ना वर, आणि "ना" समेवर. शिखराचा सूर समेवर! दुसऱ्या आवर्तनात "पोहे" धीवर, "गार" पुढच्या धीवर, आणि "झाले" समेला येऊन षड्जावर टेकतं. आणि रूपकाची सम ही खालीची असते, तिथे डग्याचा घुमारा नसतो, त्यामुळे "ना" वर असूनही आदळत नाही, प्रश्न प्रश्नासारखाच राहतो. हीच ओळ केहरव्यात, "ना" आणि "ले" एकेका मात्रेने लांबवून, आठात बसवली तर बसते, पण बालगीत होतं. ती जास्तीची मात्रा मावशीने घेतलेली नाही. काकांना एवढा वेळ ती देतच नाही.

170 मिलिसेकंदाची मात्रा म्हणजे मिनिटाला साडेतीनशे, रूपक इतक्या लयीत कोण वाजवणार. गायला ती चारशेपर्यंत संथ करावी लागते, मिनिटाला दीडशे, आणि इथे खरं नुकसान होतं. सगळंच सारख्या प्रमाणात ताणलं तर "येताय"चं "ये... ताय..." होतं, जसं कोणी झोपेत बोलतंय. बोलताना माणूस संथ झाला तरी आखूड अक्षरं फार लांबवत नाही, लांब अक्षरं आणि थांबे लांबवतो. म्हणून गाताना "ये" आणि "ताय" तोडून आखूडच म्हणायचे, उरलेल्या मात्रेत चक्क गप्प राहायचं, आणि सगळं लांबणं "हो" आणि "ना"ला द्यायचं. "गार"चंही तसंच. दोन मात्रा आहेत म्हटल्यावर गायकाची जीभ सवयीने "गा-र" अशी दोन अक्षरं करते, शेवटच्या र ला अ देऊन, आणि त्या क्षणी मावशी जाऊन तिथे कोणीतरी नाट्यगीत गाणारी बाई येते. "गा" पावणेदोन मात्रा, र अगदी शेवटी, मिटलेला.

माझ्या एका विद्यार्थिनीला मी हे सगळं दाखवलं तर ती म्हणाली, "ताई, पण हे मुळात बोलणं होतं, तुम्ही शंभरदा ऐकून ऐकून गाणं करून टाकलं." प्रश्न चोख आहे, आणि याच्यावर डायना डॉइच नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंचं काम आहे. 1995 मधे त्या स्वतःच्याच रेकॉर्ड केलेल्या निवेदनाचं एडिटिंग करत होत्या, 'समटाइम्स बिहेव सो स्ट्रेंजली' एवढा तुकडा चुकून लूपवर चालू राहिला आणि थोड्या वेळाने त्यांना कोणीतरी गातंय असं वाटायला लागलं. तुकडा तोच, एक सूर बदललेला नाही. पुढे त्यांनी लोकांवर प्रयोग केले तेव्हा दिसलं की तुकडा जसाच्या तसा परत परत यावा लागतो, दर वेळी थोडी पट्टी बदलली तर ही जादू होत नाही. म्हणजे विद्यार्थिनीचं अर्धं बरोबर, परत परत ऐकण्याने गाणं होतं, पण होतं ते त्याच वाक्यात असलेल्या सुरांचं. लूप कान उघडतो, सूर घालत नाही. मी म्हणूनच लूप लावून आधी नुसती गुणगुणते आणि मग आकडे काढते, आणि दोन्हींत फरक आला तर आधी आकड्यांवर संशय घेते.

इथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर देवासला कुमार गंधर्व राहत होते, माळव्याची लोकगीतं ऐकून त्यांतून त्यांनी धुनउगम राग काढले. धुनेतून राग, हे मोठ्या लोकांचं काम. मी धुनेच्या एक पायरी अलीकडे उभी आहे, जिथे धूनही अजून झालेली नाही, आणि मला इथेच बरं वाटतं. शिवाय इथे एक अडचण आहे जी लोकगीतात नसते: वाक्य संपतं. दोन आवर्तनं, चौदा मात्रा, खलास. पुढे काय? आपण स्वतःचं काही जोडलं तर लगेच कळतं, शिलाई दिसते. यानाचेकही आपल्या वहीतले तुकडे ऑपेरात जसेच्या तसे चिकटवत नसे, त्यातून बोलण्याची रीत शिकायचा आणि मग लिहायचा, ते बहुतेक याचसाठी.

पण माझ्या रेकॉर्डिंगमधे पुढे काका आहेत. बाहेरून, जरा लांबून, पेपरमधून मान न काढता, "हो, आलोच." त्यांचा आवाज एक सप्तक खाली, म्हणून सा 87.5 धरला. "हो" 117, मध्यम. "आ" 104, कोमल गंधार, परत काफीच! आणि "लोच" 131, पंचम. खाली टेकतच नाही. मावशीचं वाक्य षड्जावर येऊन संपतं आणि काकांचं उत्तर पंचमावर लोंबकळत राहतं, ऐकणाऱ्याला कळतं की हा माणूस उठलेला नाही. मला अंतरा हवा होता, पण पंचमावर सोडलेली ओळ अंतरा होऊ देत नाही, ती मुखड्याकडेच ढकलते, पुढच्या तिसऱ्या मात्रेच्या शेपटीला परत "अ", चौथीवर "हो".

आणि रेकॉर्डिंगमधेही तेच आहे, मावशी परत हाक मारते. या वेळी "अहो"चा "हो" धैवतावर थांबत नाही, थेट वरच्या षड्जाला जातो.